ऐकू कमी येतं, हे कळवायचं कधी?

गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. डाव्या कानाने तिला अजिबात ऐकू येत नसे आणि उजव्या कानात यंत्र होतं. तरी औषधांच्या दुकानात तिचं कधी अडलं नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं टिपायची, औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून दाखवायची आणि त्याने मान डोलावली की मगच पुडी द्यायची.

मालकांनी दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिने मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात काउंटरवरच्या जागेसाठी अर्ज करायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, ‘मला ऐकू कमी येतं.’

मोठ्या नणंदेने ते वाचून कपाळाला हात लावला. एका कारखान्यात माणसं निवडायचं काम ती करायची.

“अगं, सुरुवातच अशी? तुला काय येतं ते आधी लिही.”

नवरा म्हणाला, “पण लपवून नोकरी मिळवायची?”

“लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. ही काम करू शकते, मग अर्जातच सांगायला हवं असं थोडंच आहे? विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही.”

दोघांचंही तिला पटत होतं आणि तीच पंचाईत होती. ते वाक्य आधी शेवटी गेलं, मग गायब झालं, मग परत आलं. शेवटी तिने ते खोडलं आणि अर्ज पाठवून दिला.

उत्तर आलं: पहिली मुलाखत फोनवर.

फोनवर ओठ कुठून दिसणार? आता सांगावं, तर म्हणतील आधी का नाही बोललात. न सांगावं, तर दर प्रश्नाला ‘काय? काय?’ करत बसायचं.

“आता सांगायला कारण आहे,” नणंद म्हणाली. “दुखण्याची कहाणी नको. काय हवंय तेवढं माग.”

तिने लिहिलं: ‘मी श्रवणयंत्र वापरते आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं समजून घेते. फोनवर ते जमत नाही. मुलाखत समोरासमोर घेता येईल का?’

रुग्णालयातून ‘या’ असं उत्तर आलं. विभागप्रमुख बाईंनी खुर्ची उजेडात ओढून घेतली आणि विचारलं, “वॉर्डातून फोन आला तर?”

“मागणी लेखी मागवेन. नुसतं ऐकून औषध देणं मला धड कान असते तरी आवडलं नसतं.”

बाई हसल्या. आठवड्याने नोकरी मिळाली, पण काउंटरवर नाही, आतल्या साठ्याच्या खोलीत.

तिने सरळ विचारलं, “हे कानामुळे का?”

बाई जरा घुटमळल्या. “तिथे माणूस लगेच हवा होता. आणि... कानाचा विचार मनात आलाच नाही, असं नाही म्हणता येणार.”

“काउंटरवर महिनाभर बघा की मला.”

“बघू,” बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ तिला स्पष्ट वाचता आले, पण होकार होता की नकार, ते कळलं नाही. ती रुजू झाली. साठ्याच्या खोलीत बाटल्या लावताना अजूनही तिच्या मनात येतं, पहिल्याच अर्जात लिहिलं असतं तर आज आपण कुठे असतो? काउंटरवर, की घरी?