दामिनीचं एक वाक्य

दामिनीला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "चालते." डबा विसरली, चालते. बस चुकली, चालते. पुढच्या वर्षी तिचं कॉलेज बंद होणार आहे, हे तिनं मला कँटीनमागच्या नळावर बाटली भरता भरता सांगितलं, तेव्हाही शेवटी तेच. "बाबा म्हणते, यंदाचं वर्ष कर, मंग बस झालं. परिस्थिती नाही. चालते."

मला असल्या माणसांचा राग येतो. माझ्या घरी अकोल्याला कोणी माझं कॉलेज बंद करतो म्हणालं असतं, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. माझी माणिकबाई आजी तर म्हणते, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. दामिनी रडत नव्हती, भांडत नव्हती. बाटलीचं झाकण लावून वर्गात निघाली आणि मी तिच्यामागे.

आम्ही दोघी अमरावतीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. मी मावशीकडे राहते, ती वलगावच्या पलीकडल्या गावाहून रोज एसटीनं येते. बारावी सायन्सला तिला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क होते. नर्सिंगला जायचं होतं. त्याच वर्षी तिचा मोठा भाऊ नितेश स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीत खोली करून राहिला, आणि दामिनी बी.ए.ला आली. हे सगळं ती दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगायची.

अर्थशास्त्राला आम्हाला रागिणी मॅडम होत्या. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तास घेतला तर मानधन, नाही तर नाही. दुसऱ्या सत्रात त्यांनी एक छोटा शोधनिबंध लिहायला सांगितला. विषय विद्यापीठाकडून आलेला: "भारतातील आर्थिक विषमता – चर्चा करा." आमच्या वर्गाला एवढंच पाहिजे असतं. चर्चा करा म्हटलं की प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप. गाईडमधून उतरवलं की झालं. साठ पोरांचे साठ निबंध "भारत हा विकसनशील देश आहे" इथूनच सुरू झाले. माझाही.

मॅडमनी गठ्ठा टेबलावर आपटला. दामिनीचा निबंध वरच होता, म्हणून तिची पाळी आली.

"'आर्थिक विषमता ही देशापुढील गंभीर समस्या आहे.' दामिनी, हे खोटं आहे असं म्हणणारा एक शहाणा माणूस आणून दाखव मले."

दामिनी उभी राहिली. "कोणी नाही म्हणणार, मॅडम."

"मंग लिवलं काहून? ज्याले कोणी नाहीच म्हणत नाही, ते सिद्ध कोणापुढे करशीन?"

वर्ग हसला. दामिनी हसली नाही, लाजलीही नाही. मॅडमनी तास संपल्यावर तिला थांबवलं आणि मी अर्थात दाराशी रेंगाळले.

"भारत मोठा आहे बाई, तुया दहा पानात मावत नाही," मॅडम म्हणाल्या. "विषमता कशातली? जमिनीतली, मजुरीतली, शिक्षणातली? कोणाकोणातली? कुठली? एक निवड."

बसचं तिकीट मागावं तसं दामिनी म्हणाली, "शिक्षणावरच्या खर्चातली. पोरगा आणि पोरगी. बारावीनंतर. आमच्या गावातली."

दुसऱ्या दिवशी ती वाक्य लिहून घेऊन आली: "आमच्या गावात बारावीनंतर मुलींच्या शिक्षणावर मुलांपेक्षा कमी खर्च होतो." मला वाटलं, झालं काम. मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"हे मोजता येते, चांगलं आहे. पण ही माहिती झाली. तुयं म्हणणं कुठं आहे? कमी होते, तं काहून होते?"

"परिस्थितीमुळे."

"एका घरात एक पोरगा न् एक पोरगी. दोघांची परिस्थिती येगयेगळी राह्यते काय?"

मला वाटलं मॅडम जिंकल्या, पण त्यांनी स्वतःच स्वतःला अडवलं. म्हणाल्या, याला उत्तर आहे बरं का. पैसा थोडा असला की एकालाच शिकवता येतं, म्हणून गरिबीच निवड करायला लावते, असं कोणीही म्हणेल आणि ते काही मूर्खपणाचं नाही. मग खरं काय ते कसं कळणार? दरी जर गरिबीमुळे असेल, तर मजुरी करणाऱ्या घरांत ती जास्त दिसली पाहिजे आणि पैसेवाल्या घरांत कमी. तेवढं जाऊन पाहा. मुलगा आणि मुलगी दोन्ही असलेली घरं घे, दोन्ही प्रकारची घे, सगळ्यांना सारखेच प्रश्न विचार. "आणि सोताचं घर धरू नको. तिथं तू मोजणारी नाहीस."

"चालते," दामिनी म्हणाली.

घरं मिळाली बारा. मी दोन रविवार तिच्यासोबत फिरले, कारण एकटी पोरगी दारोदार प्रश्न विचारत फिरली की गावाला वेगळेच प्रश्न पडतात. मजुरीच्या घरांत उत्तरं आखूड होती. पोरगा आणि पोरगी दोघंही जवळच्या कॉलेजात, दोघंही एसटीनं, क्लास कोणालाच नाही. जमुना नावाची एक बाई तर आमच्यावर हसलीच: "भेद कराले काही पाह्यजे तं खरं घरात!" ओलिताची जमीन किंवा नोकरी असलेल्या घरांत मात्र मोठमोठ्या गप्पा. पोरगा पुण्याला, पोरगा नागपूरला, क्लास, खोली, मेस. आणि पोरगी? पोरगी बी.ए. करून राहिली घरूनच. हे सांगताना कोणाचा आवाज खाली गेला नाही. या पैसेवाल्यांत मुलीला मुलाइतकंच शिकवणारं असं एकच घर निघालं, ते एका मास्तरांचं. दामिनीनं तेही लिहिलं. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं ते आधी लिही, असं मॅडमनी बजावलं होतं.

म्हणजे उलटंच झालं. जिथं पैसा, तिथं दरी. मी तिथल्या तिथे, रस्त्यातच, शिव्या दिल्या. दामिनी म्हणाली, "बारा घरं आहेत. बाराच म्हणायचं. गावाचं नाव नाही घ्यायचं, देशाचं तं नाहीच."

तिचं वाक्य आता जवळजवळ तयार झालं होतं. पण मॅडमना विरुद्ध बाजू हवी होती, आणि तीही लेचीपेची नाही. समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडता आला पाहिजे, मग त्याला उत्तर. "बाबाले विचारतो," दामिनी म्हणाली. "ते चांगलं बोलते."

त्या दिवशी मी प्रथमच तिच्या घरी गेले. अंगणात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पडलेलं, दाराशी ट्रॅक्टर. हो, ट्रॅक्टर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग दामिनीकडे पाहिलं. तिनं चपला काढल्या. तिच्या आईनं, आशाबाईंनी, आधी माझं नाव आणि मग आडनाव विचारलं. आमच्याकडे नाव हे आडनाव विचारण्यापुरतंच विचारतात. मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

महादेवराव खरोखरच चांगलं बोलणारे निघाले. बाजेवर बसून शेंगा फोडत होते, आम्हालाही पुढं केल्या. लेकीचा अभ्यास म्हटल्यावर माणूस खूश झाला. दामिनीनं कोणतीही कुरकुर न करता त्यांना सगळं समजावलं: बारा घरं, दोन प्रकार, काय दिसलं. मग म्हणाली, "बाबा, तुमी आता माया इरुद्ध बोला. मी चूक आहो असं दाखवा."

"तू चूकच आहेस," ते हसत म्हणाले. "लोकायची परिस्थिती नसते."

"ज्यायची आहे, त्यायच्या घरीच फरक जास्त आहे, बाबा."

मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांना प्रश्न पटला होता. त्यांनी खरंच विचार केला, एखाद्या चांगल्या माणसासारखा, आणि शांतपणे उत्तर दिलं.

"मंग असं लिव. पैशाचा सवाल नाही, भरवशाचा आहे. पोरगा म्हातारपणी पाह्यते. पोरगी कितीही शिकली तरी तिची कमाई दुसऱ्याच्या घरी जाते. मायबापाले ना पेन्शन ना काही. मंग माणूस पैसा कुठं लावीन? जिथून वापस येते तिथंच लावीन नं? याच्यात पोरीवरची माया कमी नाही. आता आपलंच घे. तुले नर्सिंगले टाकू शकलो असतो मी. टाकलं नाही."

दामिनी लिहून घेत होती. पेन थांबलं नाही.

"आणि मी म्हणलं, तुमाले मी पोसीन, तं?" तिनं खाली बघतच विचारलं.

"तू म्हणशीन वं. तुया सासरचे म्हणतीन काय?"

आशाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि आत गेल्या. महादेवराव मला म्हणाले, "घे पोरी, थंडा होते." पुढच्या वर्षाच्या कॉलेजचं कोणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या माणसाचा राग यावा तर तो खोटं बोलला नव्हता, आणि माझ्या ओळखीत इतकं सरळ बोलणारा दुसरा बाप नाही.

दामिनी मला थांब्यावर सोडायला आली, बस यायला वेळ होता. तिनं दप्तरावर वही टेकवून शेवटचं वाक्य पुरं केलं आणि मला वाचून दाखवलं:

"आम्ही पाहिलेल्या बारा घरांपुरते बोलायचे, तर बारावीनंतर मुलगा व मुलगी यांच्या शिक्षणावरील खर्चातली दरी गरिबीमुळे पडत नाही, हाती जास्तीचा पैसा असलेल्या घरांतच ती मोठी आहे, कारण तो पैसा पालक स्वतःच्या म्हातारपणाची सोय म्हणून मुलावर लावतात."

"याले नाही म्हणणारे लय निघतीन," ती म्हणाली. "मॅडमले चालीन."

"मॅडमचं मरू दे," मी ओरडलेच. "तुले काहीच होत नाही काय? तुयासमोर तुया बापानं सांगितलं, पैसा होता, पण तुयावर लावला नाही. राग येत नाही तुले?"

तिनं वही दप्तरात घातली, चेन लावली. चेन अर्ध्यात अडकली, ती तिनं हळूहळू सोडवली.

"आतापर्यंत मले वाटे, आपण गरीब आहो," ती म्हणाली. "म्हणून चालत होतं."