लॉगआउटची एक ओळ

आमच्या ऑफिसातला सगळ्यांत जुना प्रोग्रामर म्हणजे काका. वय पन्नाशीचं, थकवा जन्मापासूनचा. काही बिघडलं की आधी उसासा, मग चष्मा, मग काम. मी टेस्टर, म्हणजे पगार घेऊन त्यांच्या चुका काढणारी.

हॉस्पिटलचं अ‍ॅप आम्ही केलेलं. एखाद्या पेशंटचा रिपोर्ट धोक्याचा आला की नर्सच्या फोनवर घंटी वाजते. त्यासाठी प्रत्येक फोन सर्व्हरला आपलं टोकन, म्हणजे पत्ता, देतो. पूर्वी एका माणसामागे एकच पत्ता मावायचा. नवा आला की जुना गेला. काकांनी वेगळं टेबल केलं. माणूस एक, फोन-टॅब्लेट हवे तितके, प्रत्येकाची वेगळी ओळ.

तीन महिन्यांनी तक्रार आली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दुपारी ड्युटी संपवून घरी जातात, पण जबाबदारी फोनवर चालूच असते. त्यांनी दोन रिपोर्ट चुकवले. लॅबवाल्यांनी वॉर्डात फोन केला म्हणून निभावलं. आणखी एकदा चुकलं तर इन्चार्जपद जाईल, असं त्यांना लेखी मिळालं.

मी जाऊन त्यांचा फोन तपासला. अ‍ॅप उघडलं, घंटी पाठवली, खणखणीत वाजली. "फोन ठीक आहे," असं मीच लिहून आले.

काकांचं समाधान होईना. दोन दिवस ते लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळत बसले. मग विचारलं, "सिस्टर लॉगआउट कुठे करतात गं?"

"वॉर्डच्या टॅब्लेटवर. निघताना."

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. लॉगआउटला फक्त त्या टॅब्लेटची ओळ पुसायला हवी. काकांच्या कोडमध्ये टोकन बघितलंच जात नव्हतं. त्या माणसाच्या सगळ्याच ओळी पुसल्या जात. टॅब्लेटबरोबर सिस्टरांचा स्वतःचा फोनही मुका. अ‍ॅप उघडलं की फोन पत्ता पुन्हा नोंदवतो, म्हणून मी तपासायला गेले आणि दुखणं झाकून आले. मला स्वतःचाच राग आला. लॉगआउट मी कायम एकाच फोनवर तपासलं होतं.

दुरुस्ती कोडमधल्या एका अटीची होती: टोकन जुळेल तीच ओळ पुसायची. आमचे साहेब म्हणाले, "हॉस्पिटलला नेटवर्कचं कारण सांगून टाका."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "मीच जातो." मीही गेले.

सिस्टरांनी सगळं उभ्याउभ्या ऐकलं. "म्हणजे घंटी वाजलीच नव्हती?"

"नाही. तुमच्या फोनपर्यंत आलीच नाही."

त्या स्टुलावर बसल्या. "घरचे म्हणाले, तुला ऐकू येत नाही. दोनदा कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले ठीक आहेत, तरी विश्वास बसेना. आज सकाळी मीच लिहून दिलं, हे पद मला झेपत नाही म्हणून."

काकांनी पिशवी खांद्याला लावली.

"कुणाकडे दिलंत ते? चला, मी येतो."