आईनं मोडलेली ठेव

आमच्या घरात पैशाचं बोलणं निघालं की सगळ्यांत मोठा आवाज काकांचा असायचा, आणि पैसा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याचा. माझे हे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हिंगोलीत आमचं एकत्र घर, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम, आणि घराचा कारभार काकांकडे. मला ते आवडत नसत, आणि अजूनही त्यांच्याबद्दल गोड लिहिणं मला जमत नाही.

आईच्या वडिलांनी सेनगावकडचा जमिनीचा तुकडा विकून तिच्या नावे हजार हाली, म्हणजे निजामी राज्यातल्या चलनाचे, रुपये दिले होते. ते काकांनी गावातल्या बँकेत तीन वर्षांच्या मुदतीवर ठेवायला लावले. व्याज चार टक्के, दर सहा महिन्यांनी वीस रुपये हातात. तीनच वर्षं का, तर औंढ्याकडच्या एका घराशी माझ्या लग्नाची बोलणी झाली होती आणि मुदत भरायच्या वैशाखातच बार उडवायचा असं ठरलं होतं. मुलाला मी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या मिशा तेवढ्या पाहिल्या होत्या, आणि त्या पाहून माझा उत्साह वाढला नव्हता.

दोन वर्षं भरत आली आणि एक भलतंच झालं. माझ्या शाळेतल्या बाईंनी मला न विचारता माझा अर्ज अमरावतीला, शिक्षिका तयार करणाऱ्या मुलींच्या ट्रेनिंग शाळेत, पाठवून दिला होता, आणि मला तिथं जागा मिळाली. अभ्यास दोन वर्षांचा. वसतिगृह, फी, पुस्तकं, कपडे मिळून वर्षाला पाचशेच्या आसपास खर्च होता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि ते पाहून वडिलांनी पहिल्यांदा ठेवीचं नाव काढलं.

"मोडली तर व्याज जाईल," काका म्हणाले.

"थोडं जाईल. हजार तर कुठं जात न्हाईत," वडील म्हणाले.

वडील मुनीम होते, पण घेतलेलं व्याज म्हणजे पचलेलं व्याज, असा आमच्या घराचा समज होता. ते वीस रुपये यायचे त्या दिवशी घरात जिलेबी यायची, उरलेल्यात माझ्या वह्या आणि आईच्या चपला. त्या पैशाला कुणी परत बोलावील हे कुणाच्या मनातही नव्हतं.

ठेवीला दोन वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात चौथे वीस रुपये मिळाले, आणि लगेच आम्ही चौघं बँकेत गेलो. पावती आईच्या नावाची, म्हणून तिला यावंच लागलं. बँकेच्या मुख्य माणसाला तेव्हा एजंट म्हणत. हे एजंटसाहेब इथल्याच जुन्या मुसलमान घरातले, गोरे, शांत, बोलायला फार अदबीचे. त्यांनी आईला स्वतःच्या खोलीत खुर्ची दिली. आई पदर पुढे ओढून बसली. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे. तिला जे म्हणायचं ते ती माझ्या कानात सांगायची आणि मी ते मोठ्यानं म्हणायचे. घरात आमची ही पद्धत इतकी रुळलेली होती की बँकेत ती कुणाला विचित्र वाटेल हे आमच्या लक्षातच आलं नाही.

एजंटसाहेबांनी कागदावर आकडे मांडले आणि कागद आईपुढे सरकवला.

"बाई, चार टक्के कबूल केले होते ते तीन वर्षांसाठी. पैसा राहिला दोनच वर्षं. दोन वर्षांच्या ठेवीचा आमचा दर तीन टक्के. मुदतीआधी मोडल्याबद्दल त्यातून अर्धा टक्का कमी. म्हणजे अडीच टक्के. हजाराला वर्षाचे पंचवीस, दोन वर्षांचे पन्नास."

"बराबर," वडील म्हणाले. "मग हजार आणि पन्नास."

"न्हाई. तुमी चार वेळा वीस नेले. ऐंशी झाले. हक्काचे पन्नास, नेले ऐंशी. तीस जास्तीचे गेले. ते मुद्दलातून वळते होतील. हातात नऊशे सत्तर."

वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काका तर उठूनच उभे राहिले. "मुद्दलाला हात? ही काय रीत झाली?"

"हिसाब आहे साहेब," एजंट म्हणाले. "पण मोडायची तकलीफ कशाला? ठेव राहू द्या. तिच्यावर यंदाच्या खर्चाला पाचशे कर्ज घ्या. व्याज पाच टक्के, वर्षाचे पंचवीस. ठेवीचे चाळीस तुमाला मिळतच राहतील. पुढच्या वैशाखात मुदत भरली की हजारातून पाचशे आमी कापून घेऊ. तुमचं नुकसान न्हाई, उलट पंधरा रुपये फायदा."

हिशेब लख्ख होता. मलाही पटला. काका तर एकदम प्रसन्न होऊन खाली बसले. "हे झालं शहाणपणाचं! पोरगी एक वर्ष अमरावती पाहून येईल, हौस फिटेल. पुढच्या वैशाखात मुदत भरली की उरलेल्या पैशात लग्न उरकून टाकू. सगळं बसतंय."

एक वर्ष. अभ्यास दोन वर्षांचा होता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. वडील टेबलाकडे पाहत राहिले. त्या भल्या माणसाच्या पंधरा रुपयांच्या फायद्याचा मला इतका राग आला की काय सांगू.

आईनं मला जवळ ओढलं. मी कान पुढे केला. पण ती माझ्या कानात बोललीच नाही. पदर होता तसाच ठेवून, सरळ एजंटसाहेबांना म्हणाली, "मोडा."

"बाई, तीस रुपये जातील. वर पुढच्या वर्षाचे चाळीसही."

"व्हय, समजलं मला. मोडा."

काका वडिलांना म्हणाले, "हिला हिशेब कळला न्हाई. समजावून सांग तिला."

समजावून सांगायला वडिलांनी तोंड उघडलं, आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांनी ते मिटलं. पावती एजंटकडून घेतली, मागच्या बाजूला सरकारी मुद्रांकाचं तिकीट चिकटवलं आणि टाक आईच्या हातात दिला. वडिलांचा माझ्या मनात जो काही मान आहे तो बराचसा त्या एका कृतीचा आहे. आईनं तिकिटावरून सही केली. तिला सहीपुरतंच लिहिता येत होतं, म्हणून ती अक्षर अक्षर कोरत असे. काका तोवर बाहेर निघून गेले होते.

घरी परतताना काका बरेच पुढे आणि वडील त्यांच्या मागे चालत होते. नऊशे सत्तर आईच्या कमरेला होते. मी तिला हळूच विचारलं, "आई, कर्ज स्वस्त पडत होतं. काहून मोडली?"

"मला का तेवढं कळत न्हाई?" ती म्हणाली. "ठेव तिथं राहिली असती तर वैशाखात उरलेले पैसे लग्नासाठी हाती आले असते. पैसे आले की तुला बोलावणं आलं असतं. तू अर्ध्यातून आली असतीस. माझ्या बोलण्यानं कुणी थांबलं असतं व्हय?"

मी तिचा पदर धरून चालत राहिले. भर रस्त्यात रडलेलं तिला खपत नसे.

थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "लग्नाला ठेवलेले पैसे आता न्हाईत. हे शिक्षणाचे आहेत, दोन्ही वर्षांचे. तीस रुपयांत वैशाख मोडला, बाई. मला तर स्वस्त वाटलं."