मुठीला चढलेलं मांस

कोचताईंचा संशय टेनिस क्लबात प्रसिद्ध होता. चेंडूंचा सीलबंद डबा उघडला तरी त्या आधी आत डोकावायच्या. त्यामुळे जेव्हा त्यांच्या उजव्या कोपराखाली कळ येऊ लागली आणि फटके रेषेबाहेर पडू लागले, तेव्हा यामागे कोणीतरी आहे हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

शनिवारी कमिटी त्यांचा खेळ बघणार होती. हात चालला नाही, तर मोठ्या मुलांची बॅच नव्या कोचकडे. हा नवा कोच इतकं मऊ बोलायचा, की ताईंनी त्याला गोडबोल्या नाव ठेवलं होतं. गुरुवारी बघतात तर त्यांची रॅकेट त्याच्याच हातात.

"खाली पडली होती, ताई."

"पडली की पाडली?"

"हिची मूठ जरा जाड नाही का हो? बोट घालून बघा ना."

पोरांना हे ताईच रोज घोकवायच्या: "फोरहँडला धरतोस तशी धर. आता दुसऱ्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट घाल, बोटांची टोकं आणि तळवा यांमधल्या फटीत. मावत नाही? मूठ बारीक. बोट घालून जागा उरते? जाड." स्वतःच्या रॅकेटवर मात्र कधी केलं नव्हतं. मलाच शिकवतोय, बघा.

घरी दार लावून त्यांनी बोट घातलं. शेजारी जागा उरली. म्हणजे रॅकेटच बदलली मेल्यानं! पण बुडाशी त्यांनीच कोरलेली खूण होती.

त्यांनी मुठीवर गुंडाळलेली पट्टी, ती ओव्हरग्रिप, सोलली. पांढरीखाली निळी. निळीखाली काळी.

ओव्हरग्रिप गुंडाळण्याचं काम लग्नापासून नवऱ्याचं, कारण त्याचा हात नेटका.

"अहो, हे काय?"

"तुझ्या तळव्याला फोड आला होता ना. म्हटलं, वरून घालू, गादी होईल."

"जुनी आधी काढायची असते."

"चांगली होती की अजून."

"आणि हात दुखायला लागला तेव्हा?"

"म्हणून तर आणखी एक घातली. जाडीतली."

ताईंनी कपाळाला हात लावला, तोही डावा. एकेका थरानं मूठ जवळजवळ अर्ध्या नंबरानं फुगते. बोटं पुरती वळत नाहीत, रॅकेट फिरू नये म्हणून आवळून धरावी लागते आणि त्याची किंमत मोजतो कोपराखालचा हात. मूळच्या ग्रिपवर एकच पातळ पट्टी त्यांनी स्वतः ताणून गुंडाळली. बोट नेमकं बसलं.

शनिवारी कळ पुरती गेली नव्हती, पण चेंडू सांगितलेल्या कोपऱ्यात पडत होता. बॅच राहिली. हात बरा होईपर्यंत सर्व्हिस गोडबोल्यानं शिकवायची, असं ठरलं.

"रॅकेट पडलीच होती ना रे?" ताईंनी जाताना विचारलं.

"पडलीच होती, ताई."

"असेल."

सोमवारी सकाळी नवऱ्यानं रॅकेट हातात दिली. ताईंनी आधी बोट घातलं, मगच बूट.