हप्त्याच्या गणितात दादाचं वय

आमच्या वहिनीला सगळा बाजार 'चष्मेवाल्या वहिनी' म्हणून ओळखतो. दुकानात गिऱ्हाईक आत शिरलं की त्याच्या नाकाकडे बघून ती फ्रेम काढते, आणि सहसा ती फ्रेम बदलावी लागत नाही. मालकाने दुकान विकायचं ठरवलं तेव्हा मीच तिला म्हटलं, "विमा एजंटची परीक्षा दे. एवढं गोड बोलतेस, ते वाया कशाला घालवतेस?" "एकटी नाही जाणार," ती म्हणाली. मग माझंही नाव घातलं. मला आकडे बघितले की झोप येते, पण वहिनीपुढे माझं कधी चाललंय?

मी तिची धाकटी नणंद. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, क्रेन चालवायचा. सहा वर्षांपूर्वी एका धरणाच्या कामावर जायला निघाला. स्टेशनवरून फोन करून "पोचलो की कळवतो" म्हणाला, आणि तिथे पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, ठेकेदाराकडे खेटे घालून झाले, कशाचा पत्ता लागला नाही. त्याने आपल्या नावावर एक पॉलिसी काढली होती. तिचा सहामाही हप्ता वहिनी न चुकता भरते. नातेवाईक विचारतात, "नसलेल्या माणसाचा विमा कसला भरतेस?" ती म्हणते, "नसलेला कसा? घरी नाही, एवढंच." मला तिचा राग यायचा. माणसाने किती वाट बघायची, त्याला काही सुमार?

क्लास झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. शिकवणारे सर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, चष्मा सारखा घसरणारा. पहिल्याच दिवशी वहिनीने पर्समधून बारीक पेचकस काढून त्यांच्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला. तेव्हापासून सर आमच्यावर खूश होते.

पुस्तिकेच्या शेवटी शब्दांचे अर्थ होते. संध्याकाळी ती भाजी निवडायची आणि मी विचारायची.

"ग्रेस पिरियड?"

"हप्त्याची तारीख उलटल्यावर भरायला मिळणारी मुदत. सहामाहीला एक महिना, महिन्याच्या हप्त्याला पंधरा दिवस. त्या मुदतीत माणूस गेला तरी पॉलिसी चालूच धरतात."

"लॅप्स?"

"मुदत संपली तरी हप्ता नाही आला, की पॉलिसी बंद पडते."

"पुनरुज्जीवन?"

"थकलेले हप्ते व्याजासकट भरून ती पुन्हा चालू करायची. तब्येत ठीक असल्याचा दाखलाही मागतात."

"नॉमिनी?"

"मी."

"अगं, अर्थ विचारला!"

"विमेदार गेल्यावर पैसे ज्याच्या हातात द्यायचे, तो," ती म्हणाली आणि देठ खुडत राहिली. मी पुढचा शब्द विचारला नाही.

मग हप्ता काढायचं गणित आलं. सरांनी घरचा अभ्यास दिला. घरातलं एक माणूस धरा, नवी पॉलिसी काढतोय असं समजा, आणि हप्ता काढून आणा. मी आपला स्वतःचाच काढला आणि तोही चुकला. वहिनीने दादा धरला. विमा दोन लाखांचा, मुदत पंधरा वर्षं, हप्ता सहामाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. तिने वय अडतीस लिहिलं आणि तक्त्यातला दर हजारी सत्तर घेतला. सहामाहीची दीड टक्का सूट गेली, अडुसष्ट पंच्याण्णव उरले. मोठ्या रकमेची दोन रुपये सूट वजा केली, अपघात लाभाचा एक रुपया मिळवला. सदुसष्ट पंच्याण्णव गुणिले दोनशे, आणि त्याचे निम्मे. सहा हजार सातशे पंच्याण्णव. एकही पायरी चुकली नाही. मी आपल्याच पोरीचा सत्कार असल्यासारखी बघत होते.

सर तिची वही बघत म्हणाले, "रीत अगदी बरोबर. पण ताई, जन्मतारीख तुम्हीच लिहिली आहे. या तारखेने त्यांना चव्वेचाळीस वर्षं आठ महिने होतात. आपण जवळच्या वाढदिवसाचं वय धरतो, म्हणजे पंचेचाळीस. अडतीस कुठून आणलंत?"

वहिनी खडू हातात धरून उभीच राहिली. "ते निघाले तेव्हा अडतीसचे होते," ती म्हणाली.

वर्गात कोणाला काही कळलं नाही. सरांना मी मधल्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वर्ग सुरू झाल्यावर खाली बघूनच शिकवलं. बेपत्ता माणसाची खबर ज्यांना लागायला हवी, अशा जवळच्यांनाच सात वर्षं ती लागली नाही, तर कोर्ट त्याला मृत मानू शकतं. तोवर हप्ते मात्र भरत राहावे लागतात. नाहीतर पॉलिसीच बंद पडते आणि दावा अडतो.

म्हणजे इतकी वर्षं वहिनी दादा आहे म्हणून जे भरत होती, तेच तो नाही म्हणून पैसे मागायला कामी येणार होतं.

घरी आल्यावर तिने चहासुद्धा न घेता गणित पुन्हा मांडलं. पंचेचाळीसचा दर चौऱ्याहत्तर. सूट वजा, सूट वजा, एक मिळवला. सात हजार एकशे एकोणनव्वद. तिने खाली दोन रेघा ओढल्या आणि वहीवरची नजर काढली नाही.

"पंचेचाळीस," ती म्हणाली. "चाळिशी लागली असेल गं त्यांना. दीडचा नंबर असेल. कागद लांब धरून वाचत असतील." मग वही मिटत, "कोणी करून दिला असेल चष्मा? त्यांच्या नाकाचा उंचवटा वेगळा आहे. कुठलीही फ्रेम नाही बसत."

मी तिला जवळ घेतलं. इतकी वर्षं मीही दादाला त्याच कपड्यांत, काळ्याभोर केसांचाच बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला कानशिलांवर पिकलेला दिसला. तो हवा होता. कसाही, कितीही म्हातारा, पण दारात हवा होता.

परीक्षेत वहिनी झकास पास झाली, मी काठावर. चष्म्याच्या दुकानाचे नवे मालक हे तिचे पहिले गिऱ्हाईक. वर्षभरात तिने बऱ्यापैकी जम बसवला. एका बाईच्या नवऱ्याच्या दाव्याचे कागद तिने चार दिवसांत जमवून दिले, तेही बाईला एकदाही शाखेत उभं न करता.

सात वर्षं भरली. आता कोर्टात अर्ज कर म्हणून सगळे मागे लागले, मी सर्वांत पुढे. दुकान गेलंय, कमिशन आज आहे उद्या नाही, म्हातारपण आहे. हे सगळं मी तिला ऐकवलं. ती भांडली नाही. वकिलाकडून अर्ज आणून तिने माझ्यासमोर ठेवला.

"कोर्टात आपल्या दोघींनाही विचारतील," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला सांगतात तशा शांतपणे. "त्यांची खबर लागली असती तर ती आपल्यालाच. इतक्या वर्षांत काही कळलं का, विचारतील. 'नाही' म्हणायचं. आता म्हणून बघ. तू म्हटलंस तर मीही म्हणते."

मी तोंड उघडलं. एवढासा तर शब्द. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला कळलं की तिलाही तो शब्द ऐकायचा नव्हता.

"पुढचा हप्ता कधी आहे गं?" मी विचारलं. "या वेळी निम्मा मी भरते."