वीस आंधळे गोल

कन्नड मुलखातल्या दुबलगुंडीची रूपा बोलायच्या आधी दोनदा विचार करणारी. वर्गातल्या पोरांनाही ती तेच सांगायची, "येत नसंल तर येत न्हाई म्हणा. उगं काहीतरी ठोकून देऊ नका." ती हायस्कुलात अतिथी शिक्षिका होती. सामाजिक शास्त्र आणि कन्नड शिकवायची. घरी मराठी, फळ्यावर कन्नड, आणि बाजारात ज्याची जी भाषा त्याच्याशी ती. अतिथी म्हणजे दर उन्हाळ्याला नेमणूक संपायची आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणं आलं तर आलं. अशी कितीतरी वर्षं गेली होती.

तिचे वडील मायाप्पा मेंढरं घेऊन माळामाळानं फिरलेले. चराईचे माळ नांगरले गेले तशी मेंढरं विकून ते मजुरीला लागले. त्यांच्या सगळ्या भावकीत डिग्रीपर्यंत पोचलेली रूपा पहिली. नवरा अनिलकुमार हुमनाबादला टेम्पो चालवायचा आणि बायकोच्या शिक्षणाचं त्याला फार अप्रूप. कारकुनाच्या सरकारी भरतीचं त्यानंच पेपरात वाचून सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला रूपा एकटीच अभ्यास करून परीक्षेला बसली. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला एक मार्क आणि चुकलं की पाव मार्क वजा. त्या पाव मार्कानं तिला धाक बसला. जेवढं पक्कं येत होतं तेवढंच तिनं लिहिलं आणि तीस प्रश्न तसेच कोरे सोडले. सत्तरपैकी बासष्ट बरोबर आले, आठ चुकले. आठ पाव म्हणजे दोन वजा होऊन हाती राहिले साठ. निवडीची यादी थांबली पावणेएकसष्टवर.

"पाऊण मार्क," अनिलकुमार पुन्हापुन्हा म्हणायचा. "पाऊण मार्कासाठी गेलं बघ."

पुढची भरती निघाली तेव्हा तिच्या वयाची मर्यादा संपत आली होती. ही शेवटचीच संधी. म्हणून ती हुमनाबादच्या एका क्लासला जाऊ लागली. लोखंडी सामानाच्या दुकानावरची एक खोली, तिथं पंचाक्षरी सर गणित आणि बुद्धिमत्ता शिकवायचे. सर तिच्याहून वयानं लहान. ते तिला अक्का म्हणायचे आणि ती त्यांना सर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "अक्का, मागच्या बारीला तीस प्रश्न कोरे कामून सोडलात?"

"चुकलं की कापतेत की सर."

"कापतेत. पण किती कापतेत ते बघितलात का?" सरांनी फळ्यावर सोळा आकडा लिहिला. "समजा सोळा प्रश्न आहेत आणि तुम्हाला एकातलंही काही कळत न्हाई. डोळे मिटून उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे केलात. चारात एक बरोबर, म्हणजे सरासरी चार बरोबर येणार आणि बारा चुकणार. चाराचे चार मिळाले. बारा पाव म्हणजे तीन गेले. राहिला किती?"

"एक."

"सोळा आंधळ्या गोलांमागं एक मार्क. थोडा आहे, पण आपल्याच बाजूला आहे. एका चुकीला मार्काचा तिसरा हिस्सा कापत असते, तर बाराचे चार गेले असते आणि बरोबरी झाली असती. इथं पावच कापतेत. आणि दोन पर्याय चुकीचे आहेत एवढं जरी ओळखलात, तर राहिलेल्या दोनात निम्मे बरोबर येतेत. तसले आठ सोडवलात तर चार मिळाले, चार पाव म्हणजे एक गेला, तीन मार्क हातात. ते तर कधीच सोडायचे न्हाईत."

रूपाला हिशेब समजला, पण मन घेईना. न येणाऱ्या प्रश्नावर खूण करायची म्हणजे तिला खोटं बोलल्यासारखं वाटायचं. तिनं तसं सांगितलंही. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला नुसते सोळा आकडे लिहिलेले कागद वाटले. प्रश्नच नव्हते. ज्याला जे वाटेल ते अक्षर लिहायचं. मग चिठ्ठ्या उचलून उत्तरं ठरवली. सबंध वर्गाची बेरीज करून भागली तर माणशी एक मार्काच्या थोडं वरच निघालं. काहीजण वजा झाले. हळ्ळीखेडच्या बंडेप्पाचं एकच बरोबर आलं, पंधरा चुकले, आणि उणे पावणेतीन झाले म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या. रूपाचे पाच बरोबर आले, अकरा चुकले. सव्वादोन मार्क हातात. काहीही माहीत नसताना.

"आता काय म्हणतासा, अक्का?"

"व्हय सर," ती म्हणाली. "पटलं."

परीक्षा कलबुर्गीला होती. अनिलकुमारनं टेम्पोला सुट्टी देऊन तिला एसटीनं नेलं आणि केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिला. रूपानं ऐंशी प्रश्न विचार करून सोडवले. हात भरून आला होता, पण मन शांत होतं. एवढा चांगला पेपर तिला कधीच गेला नव्हता. उरले वीस. अवकाशयान, कुठल्या कायद्याची कलमं, शेअर बाजाराचे शब्द. त्यांतला एकही पर्याय तिला खोडता येईना. शेवटची घंटा व्हायला थोडा वेळ होता. पेन उचलून ती क्षणभर थांबली. मग सरांचा फळा आठवला आणि तिनं वीसही गोल काळे केले. कधी अ, कधी क, हात जाईल तिकडं.

बाहेर येऊन ती अनिलकुमारला म्हणाली, "एकबी सोडलं न्हाई बघा."

उत्तरतालिका आली त्या दिवशी रविवार होता. रूपा मोबाईल घेऊन ओट्यावर बसली. शेजारी आई, अनसाबाई, शेंगा फोडत होती. विचार करून सोडवलेल्या ऐंशी प्रश्नांत एकाहत्तर बरोबर निघाले, नऊ चुकले. नऊ पाव म्हणजे सव्वादोन वजा. पावणेएकोणसत्तर. रूपानं तो आकडा आईला मोठ्यानं वाचून दाखवला. मग ती त्या विसांकडं वळली. पहिला चूक. दुसरा चूक. तिसरा, चौथा, पाचवा. तिचा आवाज बारीक होत गेला. विसांपैकी दोन बरोबर, अठरा चूक. दोन मिळाले, अठरा पाव म्हणजे साडेचार गेले. अडीच मार्क खाली. राहिले सव्वासहासष्ट.

"काय झालं गं?" अनसाबाईनं विचारलं.

"काय न्हाई."

तिनं एका उत्तरावर हरकत घेतली. पुस्तकाचं पान जोडून अर्ज पाठवला. तो मान्य झाला नाही. निकाल लागला. तिच्या गटाची यादी साडेसदुसष्टवर थांबली होती.

ते वीस कोरे सोडले असते तर ती यादीत असती.

अनिलकुमारनं हे कळल्यावर ताट बाजूला सारलं. "त्या मास्तरला इचारतो मी. कामून सांगितलास असलं?"

"तुम्ही काय इचारणार?" रूपा म्हणाली. "हिशेब चुकला न्हाई त्यांचा."

"मग कुणाचा चुकला?"

तिनं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. तरी दोन दिवसांनी ती स्वतःच क्लासवर गेली. सर खुर्चीवरून उठले. त्यांना निकाल कळला होता. तिनं मोबाईलवरची तालिका त्यांच्यापुढं धरली. मग रूपानं विचारलं, "सर, सगळीकडं मी एकच अक्षर लिवली असती तर?"

त्यांनी तिचे वीस प्रश्न तालिकेवर ताडून पाहिले. सगळे क केले असते तर सात बरोबर आले असते. सात मिळाले, तेरा पाव म्हणजे सव्वातीन गेले, पावणेचार हाती. साडेबहात्तर झाले असते.

"पण हे आता तालिका बघून कळायलंय, अक्का. आधी कुणाला ठावं होतं? एकच अक्षर लिवा न्हाई तर निरनिराळी लिवा, सरासरी तीच." सरांनी खडू उचलून फळ्यावर वीस लिहिले. "विसांत पाचाच्या वर आले तर फायदा, पाच आले तरी सव्वा मार्काचा फायदा. चार आले तर ना नफा ना तोटा. तीन किंवा कमी आले की खड्डा. शंभर जणांनी असं केलं तर साठाच्या आसपास लोकांचा फायदा होतो. वीस-बावीस जण खड्ड्यात जातेत."

"ती वीस-बावीस म्हणजे मी."

"व्हय."

"म्हणजे सांगितलेलं चुकीचं नव्हतं."

"चुकीचं नव्हतं," सर म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बंडेप्पा पेढ्यांचा डबा घेऊन आला. त्यानंही वीसेक प्रश्न आंधळेपणानं सोडवले होते. त्याला आठ लागले होते. आत येताच तो सरांच्या पाया पडला. "सर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी कोरंच सोडलो असतो. ह्याच्यामुळंच झालं." मग त्याला रूपा दिसली आणि डबा हातातच राहिला.

रूपा उठली. डब्यातला पेढा तिनं घेतला. "चांगलं झालं, बंडेप्पा," म्हणाली. तिला खरंच चांगलं वाटलं होतं. तरी पेढा न खाता हातात तसाच धरून ती जिना उतरली.

पंचाक्षरी सर त्यानंतर काही दिवस क्लासवर आले नाहीत. आले ते नवीन बॅचला पुन्हा तेच शिकवू लागले. दुसरं काय शिकवणार? कोरं सोडा म्हणणं हिशेबानं चूक होतं. फक्त फळ्यावरचा एकाचा आकडा पुसून ते म्हणू लागले की हा एक मार्क सगळ्यांचा मिळून आहे, तुमचा एकट्याचा नव्हे. पोरं ऐकून लिहून घ्यायची.

रूपाचं वय उलटलं. जूनमध्ये शाळेचं बोलावणं आलं आणि ती गेली. अनिलकुमारनं मास्तराला विचारायची गोष्ट पुन्हा काढली नाही. कुणी तिच्या निकालाची चौकशी केली की तो टेम्पोच्या टायरकडं बघायला उठायचा.

पुढच्या वर्षी तिची नणंद विजयश्री दुसऱ्या एका भरतीला बसणार होती. तीच पद्धत, पाव मार्क वजा. परीक्षेच्या आधी ती वहिनीकडं आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"वैनी, येत नसलेली कोरी सोडू का अंदाजानं टाकू?"

रूपा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. 

"टाक," रूपा म्हणाली. "फायद्याचं आहे."

"तुम्ही म्हणतासा तर टाकते."

"मी म्हणते म्हणून नको. हिशेब तसा आहे." तिनं भाकरी तव्यावर टाकली. कडा जळायला लागल्या तरी तिला उलटायचं सुचेना, मग विजयश्रीनंच पुढं होऊन ती उलटली.