एकशे चाळीसच्या आत

रविवारी सकाळी आमच्या दवाखान्याच्या बाकावर मांडीला मांडी लावून पुरुष बसलेले असायचे, आणि कुणी कुणाशी बोलत नसे. पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरून ते थेट आमच्याकडे यायचे. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवणारे, वेल्डिंग करणारे, क्रेनवर चढणारे. त्यांना आखातात पाठवणारा एजंट त्यांना आधी आमच्या डॉक्टरांकडे तपासायला आणत असे. खरी मेडिकल मुंबईला व्हायची, पण तिथे नापास होणाऱ्याचा खर्च एजंटला नको असायचा. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी त्या दवाखान्यात सिस्टर होते, आणि त्यातल्या एका रविवारी त्या बाकावर माझा नवरा बसला होता.

ह्यांनी मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "नाव दिलाय," एवढंच. आमच्या घरी महत्त्वाच्या गोष्टी अशाच व्हायच्या, ताटातली भाकरी मोडता मोडता. मी म्हटलं, "बरं." त्या 'बरं'चा मला आजही राग येतो. पण तेव्हा दुसरं काय म्हणायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरातून कुणीतरी जात होतं, घरांचे पत्रे काढून स्लॅब टाकले जात होते, आणि नवऱ्याला थांब म्हणणारी बायको म्हणजे त्याच्या पायातली बेडी, असं सगळे समजत होते.

त्या रविवारी डॉक्टरांनी ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि रबरी फुगा दाबत पारा वर नेला. मी शेजारी उभी. पारा हळूहळू खाली आला. डॉक्टरांनी कानातून नळ्या काढल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "वरचा एकशे बावन्न, खालचा शहाण्णव."

मर्यादा तेव्हा सगळ्या दवाखान्यांत एकच होती, एकशे चाळीस आणि नव्वद. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत हवा आणि खालचा नव्वदच्या आत. दोन्ही हवेत. एक आत आणि एक बाहेर असला तरी माणूस बाहेरच. ह्यांचे दोन्ही बाहेर होते.

"पण वय अधिक शंभर चालतो ना, डॉक्टर?" एजंट मध्ये बोलला. हे गणित तेव्हा पनवेलच्या प्रत्येक बाकावर चालायचं.

"मग चौतिशीच्या माणसाला एकशे चौतीस झाले. त्यातही हे बसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आणि साठीच्या माणसाला एकशे साठ चालतात असं कुणी सांगितलं? रक्तवाहिनीची वय सांगून समजूत घालता येत नाही."

ह्यांनी शर्टाची बाही खाली केली. चेहरा पडला होता. मला मात्र, खरं सांगते, छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. नापास! म्हणजे घरीच राहणार. रोज संध्याकाळी ट्रेलरच्या ग्रीसचा वास घेऊन येणार, मोरीत पाय धुणार, पोराला खांद्यावर घेणार. एवढा आनंद मला झाला. आणि लगेच सासरे आठवले. खाडीवरून घरी आले, ओट्यावर बसले आणि एका अंगाने लुळे पडले. तोंड वाकडं झालं. वर्षभर मी त्यांना भरवलं. त्यांचं प्रेशर कधी कुणी मोजलंच नव्हतं. हे आकडे खरे असतील तर ह्यांच्याही नशिबात तेच असू शकतं, हे सिस्टर म्हणून मला कळत होतं. माझा आनंद तिथेच विरला.

"एकदा मोजून कुणाला प्रेशरचा पेशंट म्हणत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आणखी दोन-तीनदा बघू. तू घरीच घे, सकाळी. जुनं मशीन ने."

दवाखाना संपल्यावर आम्ही चालत निघालो. ह्यांची पावलं अशी भरभर पडत होती की मला पळावं लागत होतं. कोपऱ्यावर आल्यावर ते एका भिंतीआड गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा सुटल्यासारखा चेहरा.

"सकाळपासून गेला नव्हतात?"

"कसा जाणार? बाटली भराची व्हती ना! मागच्या खेपेला एकाला लघवीच झाली नाय, त्याचा नंबर गेला. एजंट बोलला, पानी पिऊन या नि धरून ठेवा. आमी सगळेच धरून बसलेलो. नापास झालो तरी वाटला, बाटली मागतील."

मी रस्त्यात उभी राहून हसले. बाकावर कुणी बोलत का नव्हतं ते आत्ता कळलं. फुगलेल्या पोटाने, दात आवळून, वर स्टँडवरचा कडक चहा पिऊन ही माणसं प्रेशर मोजायला बसत होती. लघवी तुंबली की प्रेशर चढतं, हे आम्हाला शिकवलेलं. पण आमच्याकडे आधी प्रेशर आणि मग बाटली, असा क्रम कधीपासून चालत आलेला, आणि त्याचा विचार कुणीच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पुढच्या रविवारपासून बाटली आधी.

हसून झाल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं. आकडे खोटे असतील तर हे जाणार होते. हे राहावेत असं वाटत असेल तर हे आजारी निघावेत अशी इच्छा करायला हवी होती. कुठल्या देवापुढे असलं मागणं मागायचं?

मग मोजण्याच्या त्या सकाळी सुरू झाल्या. सकाळचा चहा व्हायच्या आत, मोरीत जाऊन आल्यावर, ह्यांना खुर्चीत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. बोललं तरी आकडा चढतो, म्हणून बोलायचं नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण एकमेकांसमोर असे नुसते आम्ही कधी बसलो नव्हतो. नेहमी काहीतरी चाललेलं असायचं, दळण, पाणी, पोराचं रडणं, सासूबाईंची हाक. त्या पाच मिनिटांत मी ह्यांचा हात बघायची. स्टीअरिंगने कडक झालेला तळवा, मनगटावरचा जुना चटका. हा हात उद्या इथे नसेल, असं मनात यायचं आणि मी पटकन पट्टा बांधायला घ्यायची.

मनगटावर नाडी धरून पारा वर न्यायचा, नाडी लागेनाशी झाली की अजून थोडा वर. मग कोपराच्या आत स्टेथोस्कोप ठेवून हवा अगदी सावकाश सोडायची. आधी काहीच ऐकू येत नाही, कारण पट्ट्याने शीर पूर्ण दाबलेली असते. मग पहिला ठोका येतो. हृदय आवळून रक्त पुढे ढकलतं त्या क्षणाचा जोर म्हणजे तो वरचा आकडा. ठोके चालू राहतात, मग बुजत जातात आणि थांबतात. जिथे थांबतात तो खालचा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल सोडून पुन्हा भरून घेतं, तेव्हाही शिरेत जो दाब राहतो तो हा. लोक वरच्याला घाबरतात आणि खालच्याला विसरतात. पण विश्रांतीतही ज्याचा दाब उतरत नाही त्याचीही काळजी करायची असते, असं आमचे डॉक्टर सांगायचे.

पहिल्या सकाळी एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. मग एकशे चौतीस, शहाऐंशी. मग एकशे छत्तीस, शहाऐंशी.

"किती?" हे दर वेळी विचारायचे.

"आत आहे."

"म्हंजे पास?"

"पास."

ते मान हलवायचे. सासूबाई दारातून म्हणायच्या, "बरा झाला गो बाय, पोराचा नशीब हाय." मी पट्टा गुंडाळून ठेवायची.

डॉक्टरांनी स्वतः पुन्हा मोजलं, माझ्याइतकंच आलं. "नॉर्मल, पण वरच्या टोकाचं," ते म्हणाले. "अजून औषधाची गरज नाही. सुकी मासळी, लोणचं, पापड कमी. दरवर्षी मोजायचं. वडिलांना झालंय, तेव्हा विसरायचं नाही." मग त्यांनी सही केली. मुंबईच्या मेडिकलमध्येही पास झाले. हे गेले.

नंतरच्या वर्षांचं काय सांगू? फोन यायचा तो शेजारच्या दुकानात. मी धावत जायची आणि धापा टाकत "बरे आहात ना?" एवढंच विचारायची. "प्रेशर बघितलंत का?" असंही. ते "हां हां" म्हणायचे. सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे, आणि घर जरा ओळखीचं होईतो परत जायची तयारी. पोरगा त्यांना हाक मारताना अडखळायचा. दवाखान्यात दिवसभर मी परक्या पुरुषांच्या दंडांना पट्टे बांधायची, आणि कधी कधी तळहात त्या दंडावर उगाच क्षणभर जास्त राहायचा. कुणाला कळलं नसेल. मला कळायचं.

कायमचे परत आले तेव्हा केस पिकलेले आणि प्रेशर खरंच चढलेलं. एकशे साठच्या पुढे वरचा, शंभरच्या घरात खालचा. गोळी सुरू झाली आणि आकडे आत आले. आत आले म्हणून गोळी बंद करायची नाही, यावरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. ते भांडणसुद्धा मला गोड लागलं, कारण समोरासमोर होतं.

मग एकदा दवाखान्यात नवीन तक्ता आला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रेषा खाली आणली होती. एकशे वीसच्या आत आणि ऐंशीच्या आत, दोन्ही, तरच नॉर्मल. एकशे वीस ते एकशे एकोणतीस आणि खालचा ऐंशीच्या आत, तर वाढलेलं. वरचा एकशे तीस किंवा खालचा ऐंशी, यातलं एकही गाठलं की उच्च रक्तदाब. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर अजून एकशे चाळीस-नव्वदच धरतात. पण मी तो तक्ता वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या सकाळींचे आकडे उभे राहिले. एकशे चौतीस, शहाऐंशी.

त्या दिवशी घरी ह्यांचा पट्टा बांधताना मी म्हटलं, "तेव्हा ही रेषा असती ना, तर तुम्ही नापास झाला असतात."

ते म्हणाले, "लय बरा झाला असता."

"काय बरं? तुम्हालाच तर जायचं होतं."

"मना कुठं जायाचा व्हता? सगळे जात व्हते म्हनून नाव दिला. रोज सकाळी बसायचो नि वाटायचा, आज आकडा जास्ती निगल. नायतर तू तरी बोलशील, नको जाऊ म्हनून."

मी पारा चढवायचा विसरले. म्हणजे दोघांच्याही मनात एकच होतं, आणि दोघंही वाट बघत होतो की ते त्या काचेच्या नळीने सांगावं.

"मलाही तेच हवं होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी.

मोकळ्या हाताने त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी मी प्रेशर मोजलं नाही. आमच्या दोघांचंही चढलेलंच असणार.